लहान ठोकळा, मोठा ठोकळा आणि विसरणाचा दर

प्रश्न: अगरच्या ठोकळ्यांच्या प्रयोगात 'लहान ठोकळ्यात विसरणाचा दर जास्त असतो' असे मी लिहिले आणि गुण कापले गेले. पृष्ठफळ वाढले की दर वाढतो हा नियम मग चूक आहे का? शिवाय पृष्ठफळ निम्मे, जाडी दीडपट अशी गणिते आली की माझा गोंधळ होतो. कृपया कारणासह समजावून सांगावे.

उत्तर: नियम चूक नाही. अडचण 'दर' या शब्दात आहे, कारण आपण हा एकच शब्द तीन वेगळ्या राशींसाठी वापरतो आणि उत्तर लिहिताना कोणती राशी मनात आहे ते सांगत नाही. संपूर्ण पटलातून एका सेकंदाला एकूण किती पदार्थ पलीकडे जातो, ही पहिली राशी. पदार्थ ठरावीक वेळात किती खोल पोचतो, ही दुसरी. आणि त्या वेळात संपूर्ण वस्तूचा किती टक्के भाग पदार्थाने व्यापला जातो, ही तिसरी. जीवशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना या विषयावर जे गुण जाताना मी पाहत आलो आहे, त्यांतील बहुतेक या तिन्हींच्या सरमिसळीमुळे गेलेले असतात. नियम पाठ नसल्यामुळे गुण गेल्याची उदाहरणे त्या मानाने कमी आहेत. म्हणून आधी नियम नेमका काय म्हणतो ते पाहू, मग ठोकळे आणि त्यानंतर गणिते.

अ‍ॅडॉल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये मांडलेला नियम परीक्षेसाठी पुढील रूपात पुरेसा आहे:

विसरणाचा दर ∝ (पृष्ठफळ × संहतीतील फरक) ÷ पटलाची जाडी

येथील दर म्हणजे वर सांगितलेली पहिली राशी होय, म्हणजेच संपूर्ण पटलातून एकक वेळात पलीकडे गेलेला पदार्थ. पृष्ठफळ दुप्पट केले, तर रेणूंना ओलांडण्यासाठी दुप्पट जागा मिळते आणि दर दुप्पट होतो. संहतीतील फरक दुप्पट केला, तर दाट बाजूकडून विरळ बाजूकडे जाणारे आणि उलट येणारे रेणू यांच्या संख्येतील तफावत दुप्पट होते, त्यामुळे दरही दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली, तर तोच फरक दुप्पट अंतरावर पसरतो आणि दर निम्मा होतो. ताप, रेणूचा आकार आणि पटलातील विद्राव्यता या गोष्टी येथे 'प्रमाणात असणे' दाखवणाऱ्या चिन्हामागे दडलेल्या आहेत. एकाच पदार्थाची तुलना एकाच तापमानाला चालू असेल, तोपर्यंत त्यांच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते.

याच ठिकाणी एक बारीक चूक होते. 'संहतीतील फरक' आणि 'संहती प्रवणता' या दोन गोष्टी एक नाहीत. फरक म्हणजे दोन बाजूंच्या संहतींची वजाबाकी, तर प्रवणता म्हणजे तो फरक भागिले ज्या अंतरावर तो पसरला आहे ते अंतर. जाडी प्रवणतेत आधीच आलेली असते. त्यामुळे प्रश्नात प्रवणताच दिलेली असेल, तर तिला जाडीने पुन्हा भागायचे नाही. फरक दिलेला असेल, तर मात्र भागायलाच हवे. पाठ्यपुस्तकांत पृष्ठफळ, प्रवणता आणि जाडी असे तीन घटक शेजारी शेजारी दिलेले असतात. वर्णनात्मक उत्तरात ते चालून जाते, पण आकडेमोडीत त्यामुळे जाडी दोनदा मोजली जाते आणि उत्तर चुकते. गणित सोडवायला घेताना दिलेल्या आकड्याचे एकक पाहावे. एककात 'प्रति मिलिमीटर' किंवा 'प्रति मायक्रोमीटर' असे काही आले असेल, तर ती प्रवणता आहे असे समजावे.

आता ठोकळ्यांकडे वळू. प्रयोग असा असतो: अगरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड आणि फिनॉल्फथॅलीन मिसळलेले असल्यामुळे तो गुलाबी दिसतो. त्याचे १, २ आणि ४ सेंटीमीटर बाजूचे ठोकळे विरल हायड्रोक्लोरिक आम्लात ठरावीक वेळ बुडवून ठेवतात, मग बाहेर काढून, टिपून, मधोमध कापतात. आम्ल जेथवर पोचून अल्कलीचे उदासिनीकरण झाले, तेथवरचा रंग गेलेला असतो आणि आत गुलाबी गाभा उरतो. कापलेल्या पृष्ठावर पट्टी ठेवून कडेपासून गुलाबी सीमेपर्यंतचे अंतर मोजले, म्हणजे आम्ल किती खोल गेले ते कळते.

समजा १० मिनिटांनी हे अंतर ०.३ सेंटीमीटर भरले. प्रयोग नीट झाला असेल, तर तिन्ही ठोकळ्यांत ते साधारण सारखेच भरते, आणि ही गोष्ट लक्षात न आल्यामुळेच तुमचे वाक्य चुकले. ठोकळा लहान आहे की मोठा, हे पृष्ठावरून आत शिरणाऱ्या आम्लाला कळण्याचे काही कारणच नसते. त्याच्या वाटेतला अगर तोच, बाहेरची संहती तीच आणि तापही तोच, म्हणून तेवढ्या वेळात ते तेवढेच खोल जाते. दुसऱ्या राशीच्या दृष्टीने पाहिले, तर लहान ठोकळ्यातील विसरण जलद नाही.

आता पहिली आणि तिसरी राशी काढून पाहू. कडेपासून सर्व बाजूंनी ०.३ सेंटीमीटरचा थर रंगहीन झाला, म्हणजे गाभ्याची बाजू मूळ बाजूपेक्षा ०.६ सेंटीमीटरने कमी झाली. १ सेंटीमीटरच्या ठोकळ्यात गाभ्याची बाजू ०.४ आणि घनफळ ०.०६४ घन सेंटीमीटर उरते, म्हणजे ०.९३६ घन सेंटीमीटर भाग, अर्थात ९३.६ टक्के, रंगहीन झाला. २ सेंटीमीटरच्या ठोकळ्यात गाभा १.४ सेंटीमीटर बाजूचा, त्याचे घनफळ २.७४४, रंगहीन भाग ५.२५६ घन सेंटीमीटर, म्हणजे ६५.७ टक्के. ४ सेंटीमीटरच्या ठोकळ्यात गाभा ३.४ सेंटीमीटर बाजूचा, घनफळ ३९.३०४, रंगहीन भाग २४.६९६ घन सेंटीमीटर, म्हणजे सुमारे ३८.६ टक्के.

हे आकडे सावकाश पाहावेत. एकूण किती आम्ल आत गेले असे विचारले, तर सर्वांत मोठा ठोकळा पुढे आहे, कारण त्याचे पृष्ठफळ ९६ चौरस सेंटीमीटर आहे आणि लहानाचे केवळ ६. 'पृष्ठफळ वाढले की दर वाढतो' हा नियम येथे डोळ्यांदेखत खरा ठरतो, आणि तो मोठ्या ठोकळ्याच्या बाजूने ठरतो. किती टक्के भाग व्यापला गेला असे विचारले, तर लहान ठोकळा पुढे आहे. कारण त्याचे पृष्ठफळ आणि घनफळ यांचे गुणोत्तर ६ आहे, तर मधल्याचे ३ आणि मोठ्याचे १.५. दोन्ही विधाने खरी आहेत आणि त्यांच्यात विरोध नाही, मात्र 'दर जास्त' एवढेच लिहिले तर त्यांतील कोणते अभिप्रेत आहे ते परीक्षकाला कळत नाही. रंगहीन घनफळ पृष्ठफळाच्या अगदी काटेकोर प्रमाणात वाढलेले दिसणार नाही, कारण लहान ठोकळ्याच्या कडा आणि कोपऱ्यांत शेजारच्या पृष्ठांवरून आलेले आम्ल एकाच जागी जमते. त्याने मुद्दा बदलत नाही.

गुण मिळवून देणारे उत्तर साधारण असे लिहावे: 'तिन्ही ठोकळ्यांत आम्ल समान वेळात जवळजवळ समान अंतर आत गेले. लहान ठोकळ्याचे पृष्ठफळ आणि घनफळ यांचे गुणोत्तर जास्त असून त्याचा मध्य पृष्ठापासून जवळ आहे, म्हणून त्याचा अधिक टक्के भाग रंगहीन झाला. त्यावरून आकार वाढला की केवळ पृष्ठावरून होणारे विसरण आतील भागाला पुरेनासे होते असे दिसते.' शेवटचे वाक्य सजीवांशी दुवा जोडते. पेशीची किंवा प्राण्याची गरज साधारणपणे घनफळाबरोबर वाढते, तर पुरवठा पृष्ठफळावर अवलंबून असतो. बाजू दुप्पट झाली की गरज आठपट होते आणि पुरवठ्याची जागा चौपटच होते. प्रश्नात 'या प्रयोगाचा सजीवांशी संबंध सांगा' असे असेल, तर अपेक्षित मुद्दा हाच असतो.

प्रयोगात काय बिघडू शकते, हेही अनेकदा विचारले जाते. तिन्ही ठोकळ्यांत अंतर सारखे भरले नाही, तर पहिली शंका ठोकळा भांड्याच्या तळाशी चिकटून बसल्याची घ्यावी. तळाकडच्या पृष्ठाला आम्ल मिळत नाही, आणि कापल्यावर गुलाबी गाभा मध्यभागी न राहता खाली सरकलेला दिसतो. त्या पृष्ठाचे क्षेत्रफळ गणितात धरलेले असते, प्रत्यक्ष विसरणात मात्र ते नसते. दुसरी शंका आम्ल अपुरे पडल्याची. लहान भांड्यात मोठा ठोकळा ठेवला, तर अल्कली आम्ल वापरून टाकते, बाहेरची संहती घटत जाते आणि मोठ्या ठोकळ्यातील अंतर कमी भरते. तेव्हा तिन्ही ठोकळे पूर्ण बुडतील आणि आम्ल भरपूर उरेल, अशी व्यवस्था असायला हवी. ठोकळे एकमेकांना टेकू नयेत, तसेच कापण्यापूर्वी आणि कापल्यावर सुरी पुसलेली असावी, अन्यथा सुरीवरचे आम्ल गाभ्यावर पसरते आणि सीमा अस्पष्ट होते.

याच प्रयोगावर आणखी एक प्रश्न येतो आणि तो बहुतेकांना फसवतो. '१० मिनिटांत ०.३ सेंटीमीटर, तर पृष्ठापासून ०.५ सेंटीमीटर खोल जायला किती वेळ लागेल?' त्रैराशिक मांडले तर १६.७ मिनिटे येतात. पण आम्ल जसजसे आत जाते, तसतसे बाहेरच्या आम्लापासून गुलाबी सीमेपर्यंतचे अंतर वाढते, तोच फरक अधिक अंतरावर पसरतो, प्रवणता घटते आणि सीमा सरकण्याचा वेग मंदावत जातो. म्हणजे जाडीचा नियम येथे क्षणोक्षणी काम करत असतो, फक्त जाडी स्थिर नसून वाढती असते. याचा परिणाम म्हणून लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ०.५ भागिले ०.३ याचा वर्ग सुमारे २.८, म्हणून उत्तर सुमारे २८ मिनिटे. सपाट पृष्ठासाठी हे बरेच अचूक असते. ठोकळ्याच्या मध्यापाशी मात्र सर्व बाजूंनी आम्ल येत असल्याने शेवटचा भाग काहीसा लवकर संपतो. तुमच्या पातळीवर त्रैराशिक अपेक्षित आहे की वर्गाचा नियम, हे अभ्यासक्रमावर अवलंबून आहे. प्राथमिक पातळीच्या प्रश्नात 'अंतर दर मिनिटाला समान वाढते असे समजा' असे म्हटलेले असेल, तर तसेच करावे. काहीच म्हटलेले नसेल, तर निदान 'वेग हळूहळू कमी होतो' हे वाक्य उत्तरात असावे.

वर्गाचा हा नियम पेशींच्या आकाराबद्दल फार काही सांगून जातो. पाण्यात ऑक्सिजनसारख्या लहान रेणूला १० मायक्रोमीटर अंतर जायला साधारण एका सेकंदाचा विसावा भाग लागतो. १ मिलिमीटर, म्हणजे शंभरपट अंतर, जायला वेळ दहा हजारपट होतो आणि तो काही मिनिटांत मोजावा लागतो. पेशी सूक्ष्म का असतात आणि मोठ्या प्राण्यांना रक्ताभिसरण का लागते, या दोन्ही प्रश्नांचे आकड्यांतील उत्तर येथे आहे.

आता तुमच्या गणितांकडे येऊ. उदाहरण फुप्फुसाचे घेऊ, कारण परीक्षेतही तेच जास्त येते. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या वायुकोशांचे एकूण पृष्ठफळ सुमारे ७० चौरस मीटर धरतात आणि वायुकोशातील हवा व केशवाहिनीतील रक्त यांच्यामधील पटलाची जाडी मायक्रोमीटरच्या निम्म्याच्या आसपास असते. वायुकोशात ऑक्सिजनचा आंशिक दाब १०४ मिलिमीटर पारा, तर तेथे येणाऱ्या रक्तात ४० असतो. वायूंच्या बाबतीत संहतीऐवजी आंशिक दाब वापरतात, म्हणून फरक ६४.

समजा प्रश्न असा आहे: 'एका रुग्णाच्या वायुकोशांच्या भिंती नष्ट झाल्याने पृष्ठफळ ७० वरून ३५ चौरस मीटर झाले आणि पटलाची जाडी ०.६ वरून ०.९ मायक्रोमीटर झाली. दाबातील फरक तोच राहिला असे मानून विसरणाचा दर मूळच्या किती पट उरेल ते काढा.'

पद्धत एकच ठेवावी: प्रत्येक घटकाचे 'नवे भागिले जुने' असे गुणोत्तर काढावे, पृष्ठफळ आणि फरक यांची गुणोत्तरे गुणावीत आणि जाडीच्या गुणोत्तराने भागावे. पृष्ठफळाचे गुणोत्तर ३५ भागिले ७०, म्हणजे ०.५. फरकाचे १. जाडीचे ०.९ भागिले ०.६, म्हणजे १.५. म्हणून दर ०.५ × १ ÷ १.५, म्हणजे एक तृतीयांश, अर्थात सुमारे ३३ टक्के उरेल.

यात दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, जाडीनेही गुणणे. मग उत्तर ०.७५ येते. उत्तराकडे एकदा पाहिले तर ही चूक स्वतःलाच पकडता येते: केवळ पृष्ठफळ निम्मे झाल्यानेच दर ०.५ पर्यंत उतरलेला आहे, पटल आणखी जाड झाल्यावर तो वाढून ०.७५ कसा होईल? दुसरी चूक म्हणजे टक्क्यांची बेरीज. पृष्ठफळ ५० टक्क्यांनी घटले, जाडी ५० टक्क्यांनी वाढली, म्हणून दर १०० टक्क्यांनी घटला असे उत्तर लिहिले जाते. त्याचा अर्थ विसरण पूर्ण थांबले असा होतो, आणि पटल, पृष्ठफळ व फरक तिन्ही शिल्लक असताना ते थांबणे शक्य नाही. घटकांचे परिणाम नेहमी गुणले जातात, त्यांची बेरीज होत नाही.

याच प्रश्नाचा पुढचा भाग अनेकदा असा असतो: 'दर पूर्ववत करण्यासाठी दाबातील फरक किती हवा?' दर एक तृतीयांश झाला आहे, म्हणून फरक तिप्पट हवा, म्हणजे १९२. रक्तातील दाब ४० धरला, तर वायुकोशात २३२ हवा. हा आकडा निव्वळ कागदावरचा नाही. समुद्रसपाटीला सुमारे ४० टक्के ऑक्सिजन असलेली हवा श्वासातून घेतली, तर वायुकोशातील दाब साधारण तेवढा होतो. पृष्ठफळ परत आणता येत नाही आणि जाडीही लगेच कमी करता येत नाही, तेव्हा तिसरा घटक, म्हणजे फरक, वाढवता येतो. रुग्णाला जादा ऑक्सिजन देण्यामागे हे कारण आहे. प्रत्यक्षात आजारी फुप्फुसाच्या सर्व भागांत हवा आणि रक्त सारखे पोचत नाही, त्यामुळे खऱ्या रुग्णाचा हिशेब इतका सरळ नसतो, पण प्रश्नातील गृहीतकानुसार हे उत्तर योग्य आहे.

फरकाच्या गणितात एक स्वतंत्र सापळा असतो. 'उंच पर्वतावर वायुकोशातील ऑक्सिजनचा दाब ६० आणि येणाऱ्या रक्तातील ३० मिलिमीटर पारा आहे. समुद्रसपाटीच्या तुलनेत दर किती?' घाईत ६० भागिले १०४ करून ५८ टक्के लिहिले जाते. विसरण एका बाजूच्या दाबावर चालत नाही, ते दोन बाजूंमधील फरकावर चालते. येथे फरक ३०, मूळ फरक ६४, म्हणून दर सुमारे ४७ टक्के. दोन्ही बाजूंची मूल्ये दिलेली असतील, तर आधी वजाबाकी आणि मगच गुणोत्तर, हा क्रम सोडू नये.

येथवर फरक स्थिर आहे असे आपण मानले. जिवंत शरीरात तो आपोआप स्थिर राहत नाही, आणि वर्णनात्मक प्रश्नांत चांगले गुण याच मुद्द्याला असतात. रक्त केशवाहिनीत स्थिर उभे राहिले असते, तर त्यातील दाब वाढत जाऊन वायुकोशाइतका झाला असता, फरक शून्य झाला असता आणि कितीही मोठे पृष्ठफळ असले तरी निव्वळ विसरण थांबले असते. रक्त सतत वाहत राहते आणि श्वासामुळे हवा सतत बदलत राहते, म्हणून फरक टिकतो. 'केशवाहिन्यांचे दाट जाळे असते' एवढे लिहून थांबू नये. 'वाहते रक्त ऑक्सिजन वाहून नेते, त्यामुळे संहतीतील फरक कायम राहतो' असे पुढचे कारण लिहावे.

जाडीच्या संदर्भात हे अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. विश्रांतीच्या वेळी रक्तपेशी फुप्फुसाच्या केशवाहिनीतून जायला सुमारे ०.७५ सेकंद घेते, आणि निरोगी पटलातून ऑक्सिजनचे दोन्हीकडचे दाब सुमारे ०.२५ सेकंदातच समान होतात. म्हणजे उरलेला अर्धा सेकंद ही राखीव मुदत असते. आता पटलाची जाडी दुप्पट झाली असे समजा. दर निम्मा होतो आणि दाब समान व्हायला ढोबळमानाने ०.५ सेकंद लागतो. तरीही विश्रांतीत रक्त पूर्ण ऑक्सिजन घेऊनच बाहेर पडते आणि रुग्णाला काही जाणवत नाही. तो जिना चढू लागला, धावू लागला, की रक्ताचा वेग वाढतो आणि तीव्र श्रमात ही मुदत ०.२५ सेकंदाच्या आसपास येते. निरोगी माणसाला ती जेमतेम पुरते, या रुग्णाला पुरत नाही आणि रक्त अर्धवट ऑक्सिजन घेऊनच पुढे जाते. 'पटल जाड झालेल्या रुग्णाला बसलेला असताना त्रास होत नाही, श्रमात मात्र धाप लागते, असे का?' या प्रश्नाचे उत्तर केवळ 'जाडीमुळे दर घटतो' असे लिहिले तर अपुरे ठरते, कारण दर तर बसलेला असतानाही घटलेलाच असतो. उपलब्ध वेळ आणि लागणारा वेळ यांची तुलना त्या उत्तरात यायला हवी.

ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांची तुलना विचारली, तर तिन्ही घटकांपलीकडे जावे लागते. कार्बन डायऑक्साइडचा दाब रक्तात ४५ आणि वायुकोशात ४०, म्हणजे फरक अवघा ५. पृष्ठफळ आणि जाडी दोघांसाठी तीच. केवळ फरक पाहिला, तर कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनच्या सुमारे तेराव्या हिश्श्यानेच बाहेर पडायला हवा. तरीही तो पुरेसा बाहेर पडतो, कारण पटलातील द्रवात त्याची विद्राव्यता ऑक्सिजनच्या वीसपटीहून अधिक आहे आणि त्यामुळे तेवढ्याच फरकाला तो सुमारे वीसपट वेगाने विसरतो. ऑक्सिजनसाठी ६४ गुणिले १ आणि कार्बन डायऑक्साइडसाठी ५ गुणिले २० मांडून पाहिले, की कारण लगेच दिसते. सुरुवातीला नियमातील ज्या भागाकडे दुर्लक्ष केले तरी चालेल असे मी म्हटले, तो दोन वेगळ्या पदार्थांची तुलना आली की विचारात घ्यावाच लागतो.

शेवटी नियमाची एक मर्यादा सांगतो, कारण ती आलेखाच्या रूपात विचारली जाते. आडव्या अक्षावर संहतीतील फरक आणि उभ्या अक्षावर दर घेतला, तर पटलातून थेट जाणाऱ्या ऑक्सिजनसारख्या रेणूसाठी सरळ चढती रेषा मिळते. ग्लुकोजसारखा रेणू प्रद्रव्यपटलातील मेदाच्या थरातून सहज जाऊ शकत नाही, तो वाहक प्रथिनांमार्फत जातो. त्याची रेषा सुरुवातीला तशीच चढते, मग वाकते आणि अखेर आडवी होते. आडव्या भागात सर्व वाहक प्रथिने सतत कामात गुंतलेली असतात, म्हणून फरक आणखी वाढवला तरी दर वाढत नाही. तेथे दर ठरवणारा घटक पटलातील वाहक प्रथिनांची संख्या हा असतो. अशा प्रश्नात 'फरक दुप्पट केल्यास दर किती होईल?' असे विचारलेले असेल, तर आधी दिलेला बिंदू आलेखाच्या कोणत्या भागात आहे ते पाहावे. चढत्या सरळ भागात उत्तर 'दुप्पट' आहे, वाकणाऱ्या भागात 'दुपटीपेक्षा कमी' आणि आडव्या भागात 'जवळजवळ तेवढाच'.